उजवा कान बावखलात

गाडी चालवताना फोनवर बोलणारी माणसं मला पूर्वी अजिबात खपत नसत. मान वाकडी करून, कान आणि खांदा यांच्यामध्ये मोबाईल दाबून, एका हातानं स्कूटर हाकणारा कुणी अंबाडी रोडवर दिसला की मी माझी स्कूटर त्याच्या शेजारी नेत असे आणि "ओ, आधी बोलून घ्या, मग जा," असं ऐकवत असे. या लोकशिक्षणाचा वसईत कुणावर परिणाम झाल्याचं आढळलं नाही. एका पोरानं तर "एक मिनिट थांब रे, इथं एक काका काहीतरी विचारतायत," असं फोनवरच्या माणसाला सांगितलं आणि मला स्टेशनचा रस्ता समजावून दिला. मी वसईतच जन्मलोय. तरी पूर्ण ऐकून घेतला. तो इतक्या आपुलकीनं सांगत होता.

पुढं भाच्यानं पहिल्या पगारातून मला ते कानात घालायचे बिनवायरीचे इअरबड आणून दिले आणि माझी सगळी नीतिमत्ता दोन दिवसांत बदलली. आता फोन खिशात, दोन्ही हात हँडलवर, मान सरळ. खांद्यावर मोबाईल दाबणाऱ्या जमातीशी माझा काही संबंध उरला नाही, असं माझं ठाम मत झालं. त्यात मेव्हण्यानं घरच्या ग्रुपवर फॉरवर्ड टाकला की मोबाईल हातात नसेल तर पोलीस दंडच करू शकत नाहीत. मेव्हण्याचे फॉरवर्ड मी एरवी उघडतही नाही. वाटीभर मेथीदाण्यानं गुडघे नवे होतात, हे त्यानंच कळवलं होतं. पण हा मात्र मी जपून ठेवला. आपल्या सोयीचं असलं की माणसाला फॉरवर्डमधूनही कायदा दिसतो.

माझ्याकडे आणखी एक युक्ती होती आणि तिचा मला विशेष अभिमान होता. मी एकाच कानात बड घालायचो. बहुतेक वेळा उजव्या, कारण डाव्याची बॅटरी लवकर उतरायची. डावा कान रस्त्यासाठी, उजवा कान जगासाठी, अशी ही वाटणी. घरात कुणी टोकलं की मी डाव्या कानाची पाळी ओढून दाखवायचो, "हा बघा, हा सताड उघडा आहे."

बडला बाहेरचा आवाज मारायची सोय होती. भाच्यानं ती समजावून सांगितली होती. बाहेर एक बारीकसा माइक असतो, तो भोवतालचा आवाज टिपतो आणि बड आतून त्याच्या बरोबर उलटी लहर सोडतो, म्हणजे दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात. हे एकसुरी, जाड, घुमणाऱ्या आवाजांवर छान चालतं. पंखा, लोकलचा धडधडाट, इंजिनाची घरघर. अचानक येणाऱ्या आणि किनऱ्या आवाजांवर तितकंसं चालत नाही. मी स्कूटरवर बसून, दोन्ही बड घालून, पहिल्यांदा ते बटण दाबलं तेव्हा माझी दहा वर्षांची खटारा गाडी एकदम नवी झाल्यासारखी वाटली. घरघर बंद. खड्ड्यात आदळल्यावर मागचं मडगार्ड खडखडायचं, तेही गुळगुळीत. मेकॅनिकला दिलेले पैसे उगाच गेले, गाडीत काही बिघाड नव्हताच, अशा निष्कर्षापर्यंत मी आलो होतो.

या शांततेनं काय काय नेलं, ते नंतर कळलं. माझ्या गाडीचा इंडिकेटर चालू असताना 'टिक टिक' असा बारीक आवाज येतो. वळण झालं की तो ऐकून मी अंगठ्यानं बंद करतो. इतकी वर्षं आपण इंडिकेटर डोळ्यांनी बंद करतो असं मी समजत होतो, तो कानांनी बंद होत होता. वेगाचंही तेच. काट्याकडे कोण बघतं? गाडीचा सूर चढला की आपण आपोआप ॲक्सिलरेटर सैल सोडतो. सूरच धड ऐकू येईनासा झाल्यावर मी जरा जास्तच पळवायला लागलो होतो. हे मला आमच्या हिनं सांगितलं आणि मी ते वयाला मिळालेली दाद समजलो.

आता त्या दिवसाकडे येतो.

निर्मळला एका नातलगाकडे लग्नाची पत्रिका देऊन मी परत निघालो होतो. निर्मळकडून भुईगाव, गिरीज करत वसईगावाकडे येणारा हा पट्टा ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगतो, रस्ता अरुंद, दोन्ही बाजूंना केळी, नारळ, पानवेली आणि फुलांच्या वाड्या, आणि मध्ये मध्ये बावखलं. बावखल म्हणजे वाडीला पाणी पुरावं म्हणून पूर्वजांनी खणलेलं तळं. पावसाचं पाणी त्यात साठतं, आजूबाजूच्या विहिरी त्यावर गोड राहतात. बरीचशी बावखलं गेल्या काही वर्षांत भराव टाकून बुजवली गेली. जी उरली त्यांतली काही अगदी रस्त्याला चिकटून आहेत, हिरव्या शेवाळानं इतकी गच्च झाकलेली की नवख्याला ती मैदानं वाटावीत. मी नवखा नव्हतो.

वाटेत एका दुकानातून बिस्किटं घ्यायला मी डावीकडे थांबलो, तेव्हा डावा इंडिकेटर लावला होता. तो लागलेलाच राहिला. टिक टिक माझ्या डाव्या, सताड उघड्या कानालाही आली नाही, कारण त्याच वेळी उजव्या कानात दादाचा फोन आला.

दादा म्हणजे माझा मोठा भाऊ. तो माझ्या घरी, माझ्या कपाटासमोर उभा होता. त्याला सातबाऱ्याची फाईल हवी होती. फाईल आमच्या वाटणीच्या जमिनीची, तिच्यात आजोबांच्या काळचे फेरफार, दोन पिढ्यांची भांडणं आणि मोजणीचा एक नकाशा. ती सांभाळायचं काम सगळ्यांनी मिळून माझ्यावर टाकलं होतं. ती ठेवली कुठं हे मलाही नक्की आठवत नव्हतं, पण तसं मोठ्या भावाला सांगायची सोय नसते.

"अरे, कुठल्या कप्प्यात?"

"वरच्या. लग्नाचे अल्बम आहेत ना, त्यांच्या खाली."

"अल्बम तीन आहेत."

"मरून रंगाचा. त्याच्या मागं बँकेची पासबुकं, एका रबरात बांधलेली. ती बाजूला कर."

आता मी काय करत होतो ते लक्षात घ्या. रस्ता माझ्या समोर होता, डोळे उघडे होते, पण मी बघत होतो ते कपाट. मरून अल्बम मला दिसत होता. त्याच्या कोपऱ्याचा निघालेला कागद दिसत होता. रबर जुनं आहे, दादा ओढेल आणि तुटेल, हेही दिसत होतं. ब्रिटनमधल्या ससेक्स विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ साली नेमकं हेच तपासलं होतं. गाडी चालवणाऱ्याला बोलण्यातून एखादं दृश्य मनात आणायला लावलं की समोरचे धोके त्याच्या नजरेतून निसटतात, अगदी थेट समोर असले तरी. डोळे तिकडेच रोखलेले असतात, पण डोक्यातली बघण्याची जागा आधीच भाड्यानं गेलेली असते. माझी त्या वेळी मरून अल्बमनं घेतली होती. गिरीजचा तो सबंध रस्ता मला आजही आठवत नाही. कपाट मात्र अजून काढून दाखवीन.

मागून एक भाजीचा टेम्पो येत होता. त्याच्या ड्रायव्हरनं पुढं चौकीत जे सांगितलं ते मी निमूट मान्य केलं, कारण सगळ्या घटनेत शुद्धीवर असलेला तो एकटाच माणूस होता. त्यानं पाहिलं की पुढं एक काका, डावा इंडिकेटर लुकलुकतोय, म्हणजे डावीकडे एखाद्या वाडीत वळणार. म्हणून तो निर्धास्तपणे उजवीकडून पुढं निघाला. रीतसर हॉर्नही दिला.

हॉर्न मला ऐकू आला, हे मी शपथेवर सांगतो. तो डावीकडून ऐकू आला, हेही शपथेवर सांगतो. डावीकडून रिक्षा घुसतेय असं मला वाटलं. आपल्याकडे डावीकडून रिक्षा घुसणं यात अविश्वसनीय काही नाही. म्हणून मी अत्यंत समंजसपणे तिला जागा दिली. म्हणजे उजवीकडे सरकलो, थेट टेम्पोच्या तोंडी.

टेम्पोवाल्यानं ब्रेक मारला. टायर किंचाळले. तो किंचाळणारा आवाज बडला मारता आला नाही, भाचा म्हणाला होता तसंच. मी दचकून हँडल पुरं डावीकडे फिरवलं. कडेला वाळलेल्या झावळ्या पडल्या होत्या, त्यांवरून पुढचं चाक घसरलं आणि मी, माझी स्कूटर, बिस्किटांचा पुडा आणि उजव्या कानातला दादा असे सगळे एकत्र बावखलात उतरलो.

पाणी कमरेएवढं होतं. खाली गाळ मऊ. कोपर खरचटण्यापलीकडे मला काहीही झालं नाही आणि यात माझं कर्तृत्व शून्य आहे. डोक्याला हेल्मेट होतं. टेम्पोवाल्याचे ब्रेक चांगले होते. बावखल कुणी बुजवून त्याच्या जागी कंपाऊंडची भिंत घातली असती तर हा लेख दुसऱ्या कुणाला लिहावा लागला असता, विनोदी सदरात नव्हे.

मी शेवाळात उभा राहिलो. फोन वरच्या खिशात होता, त्यामुळं कोरडा. आणि कानात अजून चालूच, "पासबुकं बाजूला केली. आता? ऐकतोयस ना? हा पाण्याचा कसला आवाज येतोय?"

"दादा, मी बावखलात आहे."

"मग आंघोळ झाल्यावर फोन कर," म्हणून त्यानं फोन ठेवला. तेवढ्यात बड कानातून निसटला आणि हिरव्या पाण्यात दिसेनासा झाला.

एव्हाना काठावर माणसं जमली होती. वसईत माणूस पाण्यात पडल्यावर जमणारी माणसं मदत उत्तम करतात, पण त्याआधी चौकशी पूर्ण करतात. कुणाचा कोण, कुठून आलास, पत्रिका कुणाची. वाडीतल्या दोन पोरांनी केळीच्या बागेतून दोर आणला आणि स्कूटर ओढून काढली. डोक्यावर पाटी घेतलेली एक म्हातारी बराच वेळ नुसती बघत होती. शेवटी तिनं विचारलं, "भाऊ, रस्ता दिसला नाय का?" मी म्हटलं, "दिसला, पण हॉर्न डावीकडून आला." तिनं पाटी सावरली, उजव्या बाजूला उभ्या असलेल्या टेम्पोकडे एकदा पाहिलं आणि काही न बोलता चालू लागली.

टेम्पोवाल्याचा आग्रह होता की चौकीत नोंद व्हावी, नाहीतर मालक स्कूटर घासून टेम्पोला पडलेल्या ओरखड्याचे पैसे त्याच्या पगारातून कापेल. रास्त होतं. हवालदारांनी मला बसायला खुर्ची न देता जुना पेपर पसरून दिला, तेही रास्त होतं. दोघांचं ऐकून त्यांनी मला विचारलं, "फोनवर होतात?"

मी मेव्हण्याचा फॉरवर्ड बाहेर काढला. "साहेब, मोबाईल हातात नव्हता. कायद्यात 'हातात धरलेलं' असं आहे."

हवालदार म्हणाले, "खरंय. मोबाईल हातात नव्हता. हँडलही नव्हतं."

मग त्यांनी मला मोटार वाहन कायद्याचं कलम १८४ समजावून दिलं, न रागावता. धोकादायक वाहन चालवण्याचं हे कलम. २०१९ च्या दुरुस्तीत त्याखाली यादी आली. सिग्नल तोडणं, उलट्या दिशेनं येणं, आणि हातात धरलेलं संपर्काचं साधन वापरणं. माझा मेव्हणा वाचत वाचत इथवर आला होता आणि थांबला होता. पण यादी तिथं थांबत नाही. शेवटी म्हटलंय की जाणत्या आणि काळजी घेणाऱ्या चालकाकडून जी अपेक्षा असते तिच्या फारच खाली जाऊन, धोका उघड दिसत असताना गाडी चालवणं हेही त्यातच मोडतं. "आता तुम्हीच सांगा," हवालदार म्हणाले, "डावा इंडिकेटर लावून उजवीकडे जाणं आणि मग डावीकडच्या तळ्यात जाणं, हे अपेक्षेच्या खाली की वर?" पहिल्या खेपेला या कलमात एक हजार ते पाच हजार दंड, किंवा सहा महिने ते वर्षभर कैद, किंवा दोन्ही. मी पेपरवर बसल्या बसल्या मेव्हण्याला मनातल्या मनात ग्रुपमधून काढून टाकलं. शेवटी टेम्पोवाल्याची भरपाई आपसांत ठरली आणि हवालदारांनी मला भरपूर ऐकवून सोडलं. घरी सांगताना मी दंडाची रक्कम सांगितली, कारण ऐकवलेलं सांगण्यापेक्षा ती बरी वाटली.

फ्रान्समध्ये ही पळवाटच ठेवलेली नाही. तिथं २०१५ च्या जुलैपासून गाडी चालवताना आवाज ऐकवणारं काहीही कानाला लावायची बंदी आहे, सायकलवाल्यालासुद्धा, आणि दंड १३५ युरो. त्यांचा कायदा कानाकडे बघतो, आपला अजून हाताकडे बघतो. हात मोकळे असल्यानं फरक पडत नाही, हे मात्र जुनंच आहे. टोरांटोत १९९७ साली अपघात झालेल्या चालकांची फोनची बिलं तपासली होती. फोनवर बोलताना धडकेचा धोका सुमारे चौपट निघाला आणि हात मोकळे ठेवणाऱ्या यंत्रांनी तो कमी झाल्याचं काही दिसलं नाही.

माझ्या मनातून हॉर्नचं कोडं मात्र जाईना. दिशेबाबत मला इतकी खात्री होती की दोन दिवस मी टेम्पोवाल्यावरच संशय घेत होतो. कानात बावखलाचं पाणी राहून दडा बसला म्हणून कानाच्या डॉक्टरांकडे गेलो, तेव्हा त्यांच्याकडे तक्रार केली. ते हसले. म्हणाले, डोळे मिटा. माझ्या उजव्या कानात त्यांनी कापसाचा बोळा घट्ट दाबला आणि कुठंतरी किल्ल्या खुळखुळवल्या. "बोट दाखवा." मी खात्रीनं डावीकडे बोट दाखवलं. डोळे उघडले तर किल्ल्या माझ्या उजव्या खांद्यामागं. पुन्हा केलं, पुन्हा डावीकडे. कंपाउंडरही हसायला लागला. घरी कुणावर करून पाहायला हरकत नाही, मात्र बसवून करा.

डॉक्टरांचं म्हणणं असं. आवाजाची डावी-उजवी दिशा एका कानाला नीट कळत नाही, ती दोन कानांतल्या फरकातून कळते. उजवीकडचा आवाज उजव्या कानात किंचित आधी पोचतो आणि किंचित मोठा असतो, कारण डावा कान डोक्याच्या आड असतो. हे 'आधी' म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी, पण मेंदू तेवढ्यावर नकाशा काढतो. एक कान बुजवला की आवाज फक्त उघड्या कानात येतो आणि मेंदू सरळ ठरवतो की आवाज त्याच बाजूचा. म्हणजे एक कान उघडा ठेवल्यानं मला अर्धं ऐकू येत नव्हतं, पूर्ण ऐकू येत होतं आणि चुकीच्या बाजूचं ऐकू येत होतं. दोन्ही कान बंद असते तर मी निदान सरळ गेलो असतो. माझ्या सगळ्या युक्त्यांमध्ये ही एकच युक्ती होती जी नसती तर बरं झालं असतं, आणि मी अभिमानानं पाळी ओढून दाखवत होतो.

"आणि साहेब," मी विचारलं, "टेम्पो एवढा जवळ येईपर्यंत मला कळलंच नाही, ते?"

त्याचं उत्तर घरी आल्यावर भाच्यानं दिलं. इअरबड त्यानंच दिलेले असल्यामुळं तो जरा कानकोंडा झाला होता आणि प्रायश्चित्त म्हणून गणित मांडायला बसला. समजा मी ताशी २५ किलोमीटरनं चाललो होतो आणि टेम्पो ४५ नं. म्हणजे टेम्पो माझ्याकडे ताशी २० च्या वेगानं सरकतोय, सेकंदाला साडेपाच मीटर. डिझेल इंजिनाची घरघर गावातल्या शांत रस्त्यावर पंचवीस-तीस मीटरांवरून सहज ऐकू येते. म्हणजे पाच सेकंद आधी. या पाच सेकंदांत आपण कळत-नकळत आरशात बघतो, जरा कडेला होतो, मागं मोठं काहीतरी आहे हे धरून चालतो. हॉर्न मात्र ड्रायव्हर अगदी जवळ आल्यावर देतो. आठ मीटरांवर दिला असेल तर उरतो जेमतेम दीड सेकंद. माझ्या यंत्रानं उजव्या कानातली घरघर खाल्ली होती, डाव्या कानातली दादाच्या बोलण्यात बुडाली होती आणि हॉर्न तेवढा आत पोचला होता. मला इशारा मिळाला तो थेट शेवटचा. त्यात मी दादाला "पासबुकं बाजूला कर" हे वाक्य पुरं करत होतो, त्यात निदान एक सेकंद गेला असणार.

इथं मला थट्टा जरा बाजूला ठेवावी लागते. २६ एप्रिल २०१८ रोजी उत्तर प्रदेशात कुशीनगर जिल्ह्यात फाटक नसलेल्या रेल्वे क्रॉसिंगवर शाळेच्या व्हॅनला गाडीनं धडक दिली आणि १३ मुलं गेली. चालकाच्या कानात इअरफोन होते, असं तेव्हाच पुढं आलं होतं. मी ती बातमी वाचली होती. इंजिनाचा भोंगा ऐकू न येणं कसं शक्य आहे, असं म्हणून मी त्या चालकाला घरबसल्या शिव्याही घातल्या होत्या. भोंगा ऐकू येतो, पण कधी आणि कुठून, हे बावखलात उभं राहिल्यावर समजलं.

आता तुम्ही म्हणाल, मग स्कूटरवर मागं बसलेल्या बायकोशी बोलणंही बंद करायचं का? ही शंका मीच घरात काढली होती, मोठ्या आशेनं. पण अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात २००८ साली याचाही अभ्यास झालेला निघाला. गाडीच्या नकली यंत्रावर बसवून लोकांना सांगितलं की अमुक ठिकाणी रस्ता सोडून विश्रांतीच्या जागी वळा. फोनवर बोलणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्मे वळायचंच विसरले. शेजारी बसलेल्या मित्राशी बोलणारे बहुतेक सगळे बरोबर वळले. कारण शेजारचा माणूस रस्ता बघत असतो. गर्दी आली की तो आपोआप गप्प होतो, वळण आलं की सांगतो.

हे वाचून मी आमच्या हिच्याकडे नव्या नजरेनं पाहिलं. स्टेशनपासून पापडीपर्यंत ती मागं बसून अखंड बोलते. पण बाभोळा नाक्याला गर्दी दिसली की वाक्य अर्धवट टाकते. समोर म्हैस आली की माझ्या खांद्यात पाचही बोटं रुततात. खड्डा मला दिसण्याआधी तिच्या तोंडून "अगं बाई" निघालेलं असतं, आणि पायाखाली नसलेला ब्रेक ती माझ्याआधी दाबते. तिला मी इतकी वर्षं "मागून गाडी चालवू नकोस" म्हणत आलो. दादाला पासबुकांच्या मागं टेम्पो दिसत नव्हता. दिसला असता तर तोही "अगं बाई"च म्हणाला असता. हे मी तिला सांगितलं. तिनं ते सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवसापासून मागं बसून दुप्पट सूचना द्यायला लागली, आता युटा विद्यापीठाच्या नावानं.

गाडी दुरुस्त व्हायला आठवडा लागला. कार्ब्युरेटरमध्ये शेवाळ, सायलेन्सरमध्ये पाणी, सीटचा स्पंज तीन उन्हं खाऊनही ओला. आता फोन सीटखालच्या डिकीत ठेवतो आणि आवाज बंद करतो. नुसता खिशात ठेवून चालत नाही. थरथरला की मन लगेच कोण असेल, कोण असेल करत सुटतं. दादाला हा बदल पटलेला नाही. तो आता मला फोन न करता थेट हिला करतो आणि ही मागं बसून माझ्या वतीनं उत्तरं देते. त्यामुळं जमिनीचे निर्णय बरेच भराभर व्हायला लागलेत.

हो, फाईल. मेकॅनिकनं सीट काढून डिकी उपसली तेव्हा आतून एक प्लास्टिकची पिशवी निघाली आणि पिशवीतून काळपट लगदा. तो त्यानं टाकून देण्याआधी मला दाखवला. वरच्या बाजूला 'गाव नमुना सात' एवढं अजून वाचता येत होतं. कुठल्याशा झेरॉक्ससाठी मीच ती बाहेर काढली होती आणि परत ठेवली नव्हती. दादाला सांगायला तोंड नव्हतं म्हणून भाच्याला सांगितलं. त्यानं पोर्टल उघडलं, गाव आणि गट नंबर टाकला, पंधरा रुपये भरले आणि डिजिटल सहीचा सातबारा माझ्या मोबाईलवर पाठवून दिला. आजोबांचे फेरफार काही त्यात आले नाहीत. ते काढायला आता मला तहसील कचेरीत जायचंय. दादा म्हणतो मी पण येतो, मागं बसतो, वाटेत सगळं नीट बोलू.